खार एक की तीन?

चाचणी परीक्षेच्या पेपरात मी एका मुलीचा अर्धा गुण कापला होता. नंतर कळलं की ती बरोबर होती आणि माझा प्रश्नच चुकीचा होता. एवढ्याशा अर्ध्या गुणासाठी मी गेले दोन महिने शब्दकोश उलथेपालथे करतोय. घरात बायको म्हणते, 'इतकं तर बीएडलाही केलं नव्हतं तुम्ही.' खरं आहे.

झालं असं. आठवीच्या वर्गात मी 'एका शब्दाचे अनेक अर्थ' घेत होतो. फळ्यावर नेहमीचीच मंडळी होती, पान, मान, वर, कर. मुलं कंटाळली, म्हणून म्हटलं, पुस्तकातले शब्द पुरे, आता आपल्या गावातला एखादा सांगा. खालच्या अंगाच्या, पूर्णेकडच्या गावातून येणारा एक मुलगा लगेच म्हणाला, 'सर, खार!' आमच्या संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे आणि दक्षिणेकडे गेलात की खारपाणपट्टा सुरू होतो. विहीर खणली तरी पाणी तोंडात धरवत नाही, साबणाला फेस येत नाही. त्या पोराला हा शब्द पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. दुसऱ्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. कडुलिंबावर खार पळत होती. झाले दोन अर्थ. तिसरा म्हणाला, 'सर, आणि खार खाऊन असणे?'

मी थांबलो नाही, हीच चूक. मी लगेच समजावून दिलं. जखमेवर मीठ पडलं की झोंबतं ना, तसा मनात खार साठतो, म्हणून एखाद्याचा डूख धरणं म्हणजे त्याच्यावर खार खाणं. मुलांनी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र लिहीत नव्हती. म्हणाली, 'सर, हमारे अब्बा बोलते, ख़ार मतलब काँटा.' मी म्हटलं, 'बेटा, वो उर्दू में. ये मराठी का घंटा है.' वर्ग हसला. विषय संपला.

चाचणीत प्रश्न घातला, 'खार' या शब्दाचे दोन अर्थ लिहा. तिने तीन लिहिले आणि खाली एक ओळ जोडली, की हे एका शब्दाचे अर्थ नाहीत, हे तीन वेगळे शब्द आहेत. विचारलं ते लिहिलं नाही म्हणून मी अर्धा गुण कापला.

त्या रात्री पेपरांचा गठ्ठा बांधता बांधता मी मनात तिचं वाक्य उर्दूत लिहून पाहिलं आणि हात थांबला. उर्दूत मीठवाला खार लिहायचा तर काफ आणि दोचश्मी हे लागतो. काट्याचा ख़ार लिहायचा तर खे, ज्याचा उच्चार घशातून येतो. दोन्हींचं पहिलं अक्षरच वेगळं. वीस वर्षं मी ही दोन अक्षरं पोरांकडून गिरवून घेतोय. पण मराठीच्या तासाला माझं डोकं मराठी झालेलं असतं, आणि देवनागरीत दोघांनाही एकच ख. नुक्ता आपण लिहीत नाही, बोलतही नाही. फारसीतला काटा आणि संस्कृतातला क्षार मराठीत येऊन एकाच दाराने आत शिरले आणि मला दोघे भाऊ वाटले.

शब्दकोश करणाऱ्याला हा प्रश्न रोज पडतो. एकाच रूपाचे दोन अर्थ समोर आले की त्याला ठरवावं लागतं, हा एकच शब्द आहे आणि त्याला दोन अर्थ फुटलेत, की हे मुळात दोन शब्द आहेत आणि योगायोगाने सारखे दिसतात? पहिलं असेल तर एकच नोंद करायची आणि तिच्या पोटात १, २, ३ असे अर्थ द्यायचे. दुसरं असेल तर नोंदीच दोन. आपली शाळेची पुस्तकं दोघांनाही 'अनेकार्थी शब्द' या एकाच पोत्यात भरतात. पुढे लिहायला सोपं जावं म्हणून मी पहिल्याला अनेकार्थी म्हणतो आणि दुसऱ्याला समरूप.

फरक नीट दिसतो तो 'पान' या शब्दात. झाडाचं पान. त्याच पानावर चुना-कात लावला की विड्याचं पान. पळसाच्या किंवा केळीच्या पानावर वाढायचे म्हणून जेवणाचं पान, आणि आता ताट स्टीलचं असलं तरी आपण 'पानं घ्या' म्हणतोच. पानासारखा सपाट पातळ म्हणून पुस्तकाचं पान, तसंच पत्त्यातलं पान. प्रत्येक अर्थ आधीच्या अर्थाचं बोट धरून आलाय आणि ती साखळी आजही हातात धरता येते. हे सगळं संस्कृत 'पर्ण'चं घर. हा एक शब्द, अनेकार्थी. पण 'मद्यपान', 'धूम्रपान' यातलं पान घ्या. तिथे झाडाशी काही देणंघेणं नाही. ते 'पा' म्हणजे पिणे या धातूपासूनचं. विड्याच्या पानापासून पिण्यापर्यंत कितीही ताणा, साखळी जुळत नाही. तो दुसरा शब्द. लिंग दोघांचंही नपुंसक, लिहिणं सारखं, बोलणं सारखं, तरी नोंदी दोन.

म्हणजे पहिली कसोटी मुळाची, शब्द कुठून आला. आपल्याकडे ती आणखी महत्त्वाची आहे, कारण मराठीत माल चारी दिशांनी आलाय. मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश केला, १८३१ साली पहिली आवृत्ती आणि १८५७ साली वाढवलेली दुसरी. त्यात शब्दापुढे संस्कृत, अरबी, फारसी, हिंदुस्थानी अशा मुळांच्या खुणा दिलेल्या सापडतात. दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (सात भाग, १९३२ ते १९३८) तीच शिस्त मराठीतून पाळली. आणि १९२५ साली माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, 'फार्शी-मराठी कोश' काढला तो तर माझ्यासारख्याच्या उशाशी असायला हवा. फारसी शिकवणारा मराठी कवी आणि मराठी शिकवणारा उर्दूवाला यांना एकाच प्रकारच्या खड्ड्यांची सवय असते.

मग मी कोशकार करतात तसंच करून पाहिलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापल्या आणि जो भेटेल त्याच्याकडून 'खार' असलेली वाक्यं गोळा केली. नियम एकच, अर्थ विचारायचा नाही, वाक्य विचारायचं. अर्थ विचारला की माणूस माझ्यासारखी गोष्ट रचून सांगतो. वाक्य मात्र खोटं बोलत नाही. काही चिठ्ठ्या अशा: जमिनीवर खार फुटला. लोणच्याला खार कमी सुटला. खार भिंतीवरून उतरली. तो माझ्यावर खार खाऊन आहे. स्वतःच्या खिशाला खार लावून त्याने सप्ताह केला. पापडखार आणा.

आता ढीग लावायचे. 'जमिनीवर खार फुटला', 'लोणच्याला खार सुटला' आणि 'पापडखार' हे एका ढिगात गेले. पापडखार हा खरोखरचा क्षार, जमिनीवर पांढरा फुटतो तोही क्षार, लोणच्यात सुटतो ते खारट तिखट पाणी. साखळी सरळ आहे. 'खार उतरली' ही चिठ्ठी आपोआप वेगळी पडली, कारण इथे क्रियापदच स्त्रीलिंगी झालं. तो खार, ती खार. शेपटीवाल्या खारीचा मिठाशी संबंध जोडायचा प्रयत्न माझ्या एका विद्यार्थ्याने केला (ती खारे दाणे खाते म्हणून), पण ते असो.

अडली ती 'खार खाऊन आहे'. इथे लिंग सांगता येत नाही. 'खाल्ला' की 'खाल्ली' असं विचारलं तर लोक गोंधळतात. कोणी म्हणतं असं आम्ही बोलतच नाही, आम्ही 'खाऊन आहे' किंवा 'खाऊन असतो' एवढंच बोलतो. वाक्प्रचार गोठला की व्याकरणाचा पुरावा त्यातच बंद होतो. मग दुसरीकडून शिरावं लागतं. माझ्या मते निर्णायक पुरावा 'खाणे' या क्रियापदात आहे. मीठ जखमेवर पडतं, लागतं, झोंबतं, पण मीठ 'खाणं' म्हणजे तर उलट इमान राखणं, खाल्ल्या मिठाला जागणं! डूख धरायला कोणी मीठ का खाईल? उर्दूत मात्र 'ख़ार खाना' हा वाक्प्रचार जसाच्या तसा आहे, अर्थही मत्सर आणि जळफळाट हाच. म्हणजे मराठीने एकटा शब्द घेतला नाही, क्रियापदासकट अख्खा वाक्प्रचार घरी आणला. ती चिठ्ठी तिसऱ्या ढिगात. त्या मुलीच्या अब्बांचा काटा तो हाच.

'खिशाला खार लावणे' मी मिठाच्या ढिगात ठेवलं. 'लावणे' हे क्रियापद चोपडायच्या वस्तूबरोबर जुळतं, खाराने पत्रा आणि भिंत खाल्ली जाते हे आमच्या भागात रोजचं आहे, आणि उर्दूत असा वाक्प्रचार मी कधी ऐकलेला नाही. पण इथे मी शपथ घेणार नाही. खिसा काट्यानेही फाटतोच की.

दुसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मी ही सगळी हकिकत आमच्या मराठीच्या दुसऱ्या सरांना सांगितली. ते चहा पीत शांतपणे म्हणाले, 'तुमच्या उर्दूत दोन असतील हो सर. माझ्या मराठीत एकच. मी खार खातो तेव्हा मला मीठच आठवतं.' हे वाक्य मला त्या क्षणी हट्टी वाटलं, पण त्यात दम आहे. इतिहासात दोन असलेले शब्द बोलणाऱ्यांच्या डोक्यात एक होऊ शकतात. इंग्रजीत कानालाही इअर म्हणतात आणि कणसालाही इअर म्हणतात. मुळात ते दोन निराळे जुने शब्द, पण आज शिकणाऱ्याला वाटतं की कणीस ताटाला कानासारखं फुटतं म्हणून तसं म्हणत असतील. इतिहासाला धरून चालणारा कोश त्यांच्या दोन नोंदी करतो. ज्या कोशाला फक्त आजची भाषा दाखवायची आहे, त्याने बोलणाऱ्याच्या डोक्यातलं नातं महत्त्वाचं मानलं तर त्याला सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. म्हणून कोश हातात घेतला की आधी त्याची प्रस्तावना वाचावी. तो मुळाने चालतो की वापराने हे कळल्याशिवाय त्याच्याशी भांडण्यात अर्थ नसतो.

त्या सरांनी आणखी एक काम चांगलं केलं. मी लिंगाची कसोटी फार मिरवत होतो. माझं उदाहरण होतं 'मान'. ती मान म्हणजे गळ्याची मागची बाजू, तो मान म्हणजे आदर, ते मान म्हणजे माप, जसं पर्जन्यमान. तीन लिंगं, तीन शब्द, संस्कृतात तिघांची मुळंही वेगळी. मी म्हटलं, बघा, मराठी किती सोय करते. ते म्हणाले, 'मग वेळ?' मी गप्प. 'जेवणाची वेळ झाली' आणि 'जेवायला वेळ लागला'. ती वेळ म्हणजे घड्याळातला ठरलेला क्षण, तो वेळ म्हणजे मध्ये गेलेला काळ. लिंग वेगळं, अर्थही थोडा वेगळा, पण दोन्ही संस्कृत 'वेला'चीच लेकरं. एकाच शब्दाने दोन अर्थांसाठी दोन लिंगं वाटून घेतली. म्हणजे लिंग वेगळं दिसलं की कान टवकारायचे, पण तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही. आणि 'पान'ने आधीच दाखवलंय की लिंग एक असलं म्हणून शब्द एक ठरत नाही. कसोटी दोन्ही बाजूंनी गळकी आहे. तिच्या जोडीला मूळ, साखळी आणि वाक्प्रचार लागतातच.

हे सगळं आमच्या घराण्यात शिकलेल्या एका आलिम चुलत्यांना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, 'बेटा, तुम आज पूछ रहे हो. हमारे यहाँ तो इस पर किताबें भरी पड़ी हैं.' उसूल-ए-फ़िक़्हमध्ये, म्हणजे कायद्याचा अर्थ कसा लावायचा या शास्त्रात, असा भेद फार पूर्वीपासून करतात. एकच रूप दोन अर्थांसाठी वेगवेगळं ठरवलं गेलं असेल तर तो लफ़्ज़ 'मुश्तरक'. मूळ अर्थ एकच आणि दुसरा त्यावरून ओढून घेतलेला असेल तर एक 'हक़ीक़त', दुसरा 'मजाज़'. त्यांचं नेहमीचं उदाहरण 'ऐन'. अरबीत ऐन म्हणजे डोळा, पाण्याचा झरा, हेर आणि खुद्द ती वस्तूही. (मराठीत आपण 'ऐन वेळी' म्हणतो तो हाच ऐन. सातपुड्यात ज्याला सादडा म्हणतात त्या झाडालाही मराठीत ऐन म्हणतात, तो मात्र कोणीतरी दुसराच.)

पण त्यांनी मला जे उदाहरण नीट समजावलं ते 'क़ुरू'चं, आणि तिथे हा प्रश्न अर्ध्या गुणाचा राहत नाही. सूरह बक़राच्या २२८व्या आयतीत तलाक झालेल्या स्त्रीने तीन क़ुरू थांबावं असं आहे. एकवचन क़ुर्अ. अरबीत या शब्दाचा अर्थ मासिक पाळी असाही होतो आणि दोन पाळ्यांमधला पाकीचा काळ असाही होतो. अगदी उलटे अर्थ. इमाम अबू हनीफ़ांच्या मताने इथे पाळी, इमाम शाफ़ईंच्या मताने पाकी. आमच्याकडे विदर्भात बहुतेक हनफ़ी, कोकणातले आपले भाऊबंद शाफ़ई. आता हिशोब करा. पाकीच्या काळात तलाक झाला आहे. शाफ़ई पद्धतीत तो चालू पाकीचा काळ एक धरला जातो, मग पुढचे दोन, आणि तिसरी पाळी सुरू होताच इद्दत संपते. हनफ़ी पद्धतीत त्यानंतरच्या तीन पूर्ण पाळ्या, म्हणजे तिसरी पाळी संपल्यावर इद्दत संपते. मधल्या त्या काही दिवसांत नवऱ्याला रुजू करता येतं की नाही, तिला दुसरा निकाह करता येतो की नाही, हे एका शब्दाच्या अर्थावर ठरतं.

आणि पुरावे काय दिले गेले ते ऐकून मला माझ्या चिठ्ठ्याच आठवल्या. अरबीत तीन ते दहा हे आकडे मोजल्या जाणाऱ्या नामाच्या उलट लिंगाचं रूप घेतात. आयतीत 'तीन'चं रूप स्त्रीलिंगी आहे. शाफ़ई म्हणतात, म्हणजे मोजली जाणारी गोष्ट पुल्लिंगी हवी, आणि पाकी म्हणजे 'तुह्र' पुल्लिंगी आहे, पाळीसाठीचा 'हैज़ा' स्त्रीलिंगी. चक्क लिंगाची कसोटी! हनफ़ी उत्तर देतात, आकडा समोरच्या शब्दाकडे पाहतो, त्याच्या अर्थाकडे नाही, आणि 'क़ुर्अ' हा शब्द स्वतःच पुल्लिंगी आहे. त्यांचा पुढचा मुद्दा असा की 'तीन' म्हणजे पूर्ण तीन. तलाक झाला तो अर्धामुर्धा पाकीचा काळ एक धरला तर तीन भरत नाहीत. काही भाषाजाणकारांनी असंही म्हटलं की क़ुर्अचा मूळ अर्थ 'ठरल्या वेळी येणारा काळ' एवढाच, आणि पाळी काय, पाकी काय, दोन्ही ठरल्या वेळी येतात. असं मानलं तर तो मुश्तरक उरत नाही, तो आपल्या 'पान'सारखा एकाच मुळाचा अनेकार्थी होतो. चुलते म्हणाले, 'देखो, लुग़तवाले भी एक नहीं हुए, और दोनों के पास दलील है.'

मला यात एक गोष्ट कळली. दोन उलट अर्थांमधलीही साखळी पुरेसं मागे गेलं की सापडू शकते. मागे जायला मर्यादा ठेवली नाही तर सगळंच एक होऊन जाईल. म्हणून कोशकार जे नातं वापरात दिसतं, जुन्या लेखनात सापडतं, तिथपर्यंत जातो आणि थांबतो. फार मागे जाऊन जोडलेली नाती तो व्युत्पत्तीच्या कंसात ठेवतो, त्यांच्या जोरावर नोंदी एक करत नाही.

चिठ्ठ्यांचं वेड लागल्यावर घरातही कोणाला सोडलं नाही. अम्मी रोज दोन 'नजर' बोलते. नातवाची नजर उतरवते, आणि गुरुवारी नजर-नियाज करते. तिच्या तोंडी दोन्ही अगदी सारख्या. उर्दूत पहिली नज़र ज़ोयने लिहितात, दृष्टी. दुसरी नज़्र ज़ालने, अर्पण केलेली वस्तू. मराठीत दोघी पुन्हा एका ज मध्ये. इतिहासाच्या पुस्तकात 'बादशहाला हत्ती नजर केला' आलं की मुलं विचारतात, हत्तीला नजर लागली का? मोठी माणसं समजूत घालतात, भेट नजरेपुढे ठेवायची म्हणून नजर. ऐकायला किती पटतं! माझ्या मिठासारखंच. पण नजरकैद, नजरचूक, नजरबंदी एकीकडे आणि नजराणा दुसरीकडे, आणि ही घरं एकमेकांत कधी मिसळत नाहीत. नजराण्याचा डोळ्याशी संबंध नाही. इथे लिंगही मदतीला येत नाही, दोन्ही स्त्रीलिंगी. जन्मलेली पोरं ओळखायची असतील तर मावशीकडे जावं लागतं, तसं हे शब्द ओळखायला उर्दूच्या अक्षरांकडे जावं लागतं.

दिवाळीनंतर मी त्या मुलीचा पेपर परत मागवला. अर्धा गुण दिला, आणि वर्गात सांगितलं की प्रश्नच चुकला होता, 'खार' या एका शब्दाचे दोन अर्थ असं मी विचारायला नको होतं. वहीतलं मिठाचं वाक्य सगळ्यांना खोडायला लावलं. ती काही बोलली नाही. पण आठवड्याने एक कात्रण घेऊन आली. तिचे अब्बा दुसऱ्याचं शेत ठोक्याने करतात, सोयाबीन आणि कपाशी. कात्रणात बातमी होती, आपल्या तालुक्याची नजरअंदाज पैसेवारी जाहीर. पिकाची ही पहिली पैसेवारी सप्टेंबरअखेर काढतात, नजरेने पीक पाहून लावलेला अंदाज. ती पन्नास पैशांच्या वर आली की दुष्काळाच्या सवलतींचं दार तिथेच बंद व्हायला लागतं, आणि बातमीतला आकडा पन्नासच्या वर होता.

'सर,' ती म्हणाली, 'अब्बा पढ़के बोले, ठीकच लिखा है, हमको नज़रअंदाज़ किया.'

उर्दूत नज़रअंदाज़ करणं म्हणजे नजरेआड टाकणं, दुर्लक्ष करणं. मराठी महसूल खात्यात नजरेने केलेला अंदाज. तुकडे दोन्हीकडे तेच, नज़र तीच ज़ोयवाली. जोडणी मात्र वेगळी. उर्दूतल्या जोडीत 'अंदाज़' टाकण्याचा आहे आणि मराठीतल्या जोडीत मोजण्याचा. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एक की दोन?

मी चिठ्ठी कापली, तिच्या अब्बांचं वाक्य तिच्यासमोर जसंच्या तसं लिहिलं, आणि अजून ती कुठल्याच ढिगात ठेवलेली नाही.